अडीच पानांचं कव्हर लेटर एका पानात

उदाहरणासाठी एक अर्जदार धरू. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नऊ वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस, दुसऱ्या कंपनीत स्टोअर मॅनेजरच्या जागेसाठी अर्ज करतोय. कव्हर लेटर झालंय अडीच पानांचं, साधारण ९०० शब्दांचं. ११ पॉइंटचा फॉन्ट आणि चारी बाजूंना इंचभर समास ठेवला, तर पत्ता, विषय, सही धरून ए-फोर कागदावर सुमारे ३०० ते ३५० शब्द नीट बसतात. म्हणजे निम्म्याहून जास्त मजकूर जाणार. फॉन्ट ९ वर आणून किंवा समास खाऊन पान वाचवणारे बरेच असतात, पण तो गिचमिड कागद पाहूनच वाचणाऱ्याचा उत्साह मावळतो.

कात्री लावण्याआधी जाहिरात पुन्हा वाचायची. या जाहिरातीत तीन गोष्टी ठळकपणे मागितल्यात: सॅपमधला साठा आणि प्रत्यक्ष साठा यांचा मेळ, मालाअभावी लाइन थांबू न देणं आणि स्टोअरमधली माणसं सांभाळण्याचा अनुभव. आता पत्राची छापील प्रत घ्यायची आणि या तिन्हींपैकी एकाला तरी उत्तर देणाऱ्या वाक्यांखाली रेघ ओढायची. आमच्या गृहस्थांच्या पत्रात रेघेची पहिली वाक्यं थेट दुसऱ्या पानावर सापडतात. पहिलं पान शिक्षण, आधीच्या दोन नोकऱ्या आणि कंपनीची तारीफ यांतच गेलंय. शिक्षण आणि जुन्या नोकऱ्या बायोडाटात आहेतच, आणि आपली कंपनी किती नामांकित आहे हे त्या कंपनीला ठाऊक असतं. हे सगळं काढलं की निम्मं काम झालं.

खरी पंचाईत उरलेल्यात होते, कारण कामगिऱ्या सगळ्याच प्रिय असतात. गृहस्थांना सर्वांत अभिमान आहे तो वर्षानुवर्षं पडून राहिलेला १८ लाखांचा माल पुरवठादारांना परत केल्याचा. आकडा भारदस्त आहे, पण जाहिरातीत पडीक मालाचा उल्लेखही नाही. माझ्या मते त्याची जागा बायोडाटात, एका ओळीत. पत्रात पहिला मान मिळायला हवा तो या वाक्याला:

‘सदर कालावधीत स्टोअर विभागाची संपूर्ण जबाबदारी मी अत्यंत निष्ठेने पार पाडली असून साठ्याच्या नोंदींमधील तफावत कमी करण्यामध्ये माझा मोलाचा वाटा राहिला आहे.’

वाक्य लांबलचक आहे आणि आतली कामगिरी मात्र दिसतच नाही. कुठल्याही स्टोअरमधला कुठलाही माणूस हे लिहू शकेल, आणि वाक्य पोकळ आहे की नाही हे ओळखायची खूण हीच. मग गृहस्थांना विचारायचं: आधी काय होतं, तुम्ही काय केलं, नंतर काय झालं, किती दिवसांत? त्या उत्तरांतून हे उभं राहतं:

‘मी ताबा घेतला तेव्हा १०० पैकी १२ वस्तूंची मोजणी सॅपशी जुळत नव्हती. वर्षाअखेरच्या मोजणीवर न थांबता रोज २० वस्तू मोजायला सुरुवात केली. दीड वर्षात न जुळणाऱ्या वस्तू शंभरात ३ वर आल्या.’

शब्द थोडे वाढले, तरी चालेल. छाटणी करताना हमखास होणारी चूक म्हणजे आकडा ठेवून त्याचा संदर्भ उडवणं. ‘तफावत ७५ टक्क्यांनी कमी केली’ हे आटोपशीर वाटतं, पण कशावरून कशावर ते कळत नाही, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येतो. आकडा नक्की आठवत नसेल तर ‘सुमारे’ लिहावं. फुगवलेला आकडा जुन्या साहेबांना केलेल्या एका फोनवर उघडा पडतो. पुरवठादारांचे दर, ग्राहकांची नावं असली कंपनीची आतली माहिती पत्रात घालायची नाही. नवी कंपनीही त्यावरून अंदाज बांधते की हा माणूस उद्या आमचंही बाहेर सांगेल.

लाइन न थांबण्याबद्दलचा परिच्छेद असाच तीन ओळींत येतो: नट-बोल्टसारखा स्वस्त पण रोज लागणारा माल किती उरला की मागवायचा याची पातळी ठरवली, आणि नंतरच्या वर्षभरात त्या मालासाठी लाइन एकदाही अडली नाही. माणसांबद्दल एक वाक्य पुरतं, दोन पाळ्यांतले अकरा जण. शिस्तप्रियता, सचोटी, टीमवर्क हे शब्द सरसकट गाळावेत.

क्रम महत्त्वाचा. चाळणारा माणूस बहुधा पहिला परिच्छेद वाचूनच पुढे वाचायचं की नाही ते ठरवतो, म्हणून कुठल्या पदासाठी अर्ज आहे ते सांगून पुढच्याच वाक्यात साठ्याच्या मेळाची गोष्ट यावी. मग लाइन, मग माणसं. शेवटी ‘आपल्या अनुकूल उत्तराच्या प्रतीक्षेत’च्या आधी एचआरला खरोखर हवी असलेली माहिती: नोटीस पिरियड ६० दिवस, सणसवाडीच्या प्लांटवर रुजू व्हायला तयारी आहे.