पिंपातील बिअर आणि किनाऱ्यावरची संध्याकाळ : थंडावा, दाब आणि वेळ

बाटलीतील किंवा डब्यातील बिअर कारखान्यातच सीलबंद होते, त्यामुळे तिच्या ताजेपणाची काळजी पिणाऱ्याला फारशी घ्यावी लागत नाही. पिंपातून, म्हणजे केगमधून, नळाने काढली जाणारी ड्राफ्ट बिअर मात्र शेवटच्या पेल्यापर्यंत यजमानाच्या हाती असते. 2009 मध्ये पुण्यात डूलाली ही देशातील सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक सुरू झाली आणि त्यानंतर मुंबई-पुण्यात अशा लहान ब्रुअरी वाढत गेल्या. त्यांची बिअर बहुधा पाश्चरीकरण न केलेली असते, म्हणजे तिच्यातील सूक्ष्मजीव उष्णता देऊन नष्ट केलेले नसतात, आणि म्हणूनच ती थंड ठेवणे ही तिच्या टिकण्याची पहिली अट ठरते. अलिबाग, आक्षी, नागाव, काशीद या पट्ट्यातील घरांमध्ये मे महिन्यात पारा तीस अंशांच्या वर असताना ही अट पाळायची, तर दाबापेक्षाही आधी बर्फाचा हिशोब मांडावा लागतो.

उदाहरणादाखल आक्षीतील एका घरी शनिवारी संध्याकाळी सात वाजता पंचवीस पाहुण्यांसाठी 20 लिटरचे एक पोलादी पिंप लावायचे आहे, असे धरू. 330 मिलिलिटरच्या पेल्याने मोजले, तर 20 लिटरमध्ये साठ पेले बसतात. फेसात आणि नळीत जाणारा भाग वजा केल्यास पंचावन्न हाती येतात, म्हणजे माणशी दोन पेले. पिंप शनिवारी सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून गाडीसह रो-रो बोटीने मांडव्याला आणले, तर समुद्रावरचा सुमारे एक तास आणि पुढचा रस्ता यांत ते हलते आणि तापतेही. हलल्यामुळे बिअरमधील वायू अस्वस्थ होतो आणि तळाचा गाळ वर येतो, म्हणून पिंप दुपारच्या आत पोहोचावे आणि ते आल्याबरोबर बर्फात उभे करून नंतर हलवू नये, हा वेळापत्रकाचा मुख्य टप्पा होय.

वाटेत बिअर 25 अंश सेल्सियसपर्यंत तापली असेल, तर ती 3 अंशांवर आणण्यासाठी केवळ गणिताने सुमारे सहा किलो बर्फ वितळावा लागतो; परंतु बाहेरची हवाही तोच बर्फ वितळवत असल्यामुळे आणि संध्याकाळभर थंडावा टिकवायचा असल्यामुळे वीस किलो बर्फ हाताशी असणे योग्य. तो नुसता पिंपाभोवती रचला, तर पोलादाला मोजक्या ठिकाणीच स्पर्श होतो आणि मध्ये उबदार हवा राहते. मोठ्या टबात बर्फासह पाणी घालून पिंप खांद्यापर्यंत बुडवले, तर चहूबाजूंनी उष्णता ओढली जाते. तरीही मध्यभागची बिअर गार व्हायला तीन ते चार तास लागतात. फ्रिजमध्ये याच कामाला जवळपास एक दिवस लागतो. मासळीच्या व्यवहारामुळे या किनाऱ्यावर बर्फाची लादी सहज मिळते आणि ती टबासाठी उत्तमच आहे. मात्र तो बर्फ पेल्यात घालण्याचा नव्हे. अखाद्य बर्फ ओळखता यावा म्हणून त्याला निळा रंग देण्याचा नियम महाराष्ट्रात 2018 मध्ये आला, तो याचसाठी.

आता दाबाकडे वळता येईल. बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो; सामान्य बिअरच्या एका लिटरमध्ये तो सुमारे अडीच लिटर असतो. विरघळलेला वायू बिअरमध्येच राहावा म्हणून तिच्यावर बाहेरून तेवढ्याच तोलाचा दाब असावा लागतो, आणि हा तोल तापमानावर ठरतो. 3 अंशांवर त्यासाठी सुमारे 11 पीएसआय पुरतो (पीएसआय हे टायरमधील हवा मोजण्याचेच एकक). 10 अंशांवर 18 लागतो, आणि 30 अंशांवर तो 40च्या आसपास जातो. नेमक्या याच ठिकाणी बहुतेक मेजवान्यांत चूक होते. नळातून नुसता फेस येऊ लागला की दाब जास्त झाला असे समजून रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधील वायूचा दाब नियंत्रित करणारी झडप, कमी केली जाते. बिअर कोमट असेल, तर या उपायाने फेस वाढतोच, कारण दाब कमी होताच वायू नळीतच बाहेर पडू लागतो. पारदर्शक नळीत बुडबुड्यांच्या पट्ट्या दिसल्या, तर हेच घडत आहे असे समजावे. अशा वेळी दाब न बदलता बर्फ वाढवणे आणि अर्धा तास थांबणे हाच खरा उपाय. पहिला पेला फेसाळणे स्वाभाविक आहे, कारण तो उन्हाने तापलेल्या नळीतून आलेला असतो. म्हणून तापमान दुसऱ्या पेल्यात स्वयंपाकघरातील थर्मामीटर बुडवून पाहावे.

बिअर खरोखर थंड असूनही धार जोरात येत असेल, तर दोष बहुधा नळीचा असतो. नळीचे घर्षण दाबाला आवर घालते. आतून 5 मिलिमीटर व्यासाची, दोन ते तीन मीटर लांब नळी 11-12 पीएसआयला शांत धार देते, आणि तिचे वेटोळे त्याच टबात बुडवून ठेवले की पहिल्या पेल्याचा फेसही घटतो. आखूड नळीच उपलब्ध असेल, तर थंड बिअरसाठी वाढण्यापुरता दाब 5 पीएसआयवर आणता येतो, कारण गार द्रवातून वायू सावकाश सुटतो. मात्र वाढणे संपताच तो पुन्हा 11वर न्यावा, नाहीतर उरलेली बिअर सकाळपर्यंत मिळमिळीत होते.

ताजेपणाचा खरा शत्रू मात्र प्राणवायू आहे. मेजवानीसाठी भाड्याने मिळणारा हातपंप बाहेरची हवा पिंपात ढकलतो, आणि त्या हवेचा पाचवा हिस्सा प्राणवायू असतो. पंपाचा पहिला दट्ट्या मारल्यापासून बिअरचे घड्याळ सुरू होते: त्या रात्री ती चांगली लागते, दुसऱ्या दिवशी तिचा हॉप्सचा सुगंध विरतो, आणि पुढे ओल्या पुठ्ठ्यासारखी चव उतरते. पंचवीस पाहुणे त्याच रात्री पिंप रिकामे करणार असतील, तर हातपंप चालेल. दहाच पाहुणे असतील आणि रविवारी दुपारीही तीच बिअर हवी असेल, तर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घेण्याला पर्याय नाही. 20 लिटर बिअर बाहेर ढकलण्यास सुमारे 70 ग्रॅम वायू लागतो, त्यामुळे अर्ध्या किलोचा छोटा सिलिंडर पुरून उरतो. तो नेहमी उभा ठेवावा आणि बंद खोलीत लावू नये, कारण गळती झाल्यास हा वायू जमिनीलगत साचून गुदमरण्याचा धोका असतो. पिंपाला बसणाऱ्या जोडणीचे, म्हणजे कपलरचे, प्रकार वेगवेगळे असल्याने नेमका कोणता लागेल, हे ब्रुअरीकडून आधीच विचारून घ्यावे. आक्षीत शनिवारी संध्याकाळी तो शोधणे कठीण असते. मेजवानीसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवानाही आधीच काढून ठेवावा.

रात्री वाढणे थांबल्यावर सिलिंडरची झडप बंद करावी, कपलर पिंपावरच राहू द्यावा आणि टबात नवा बर्फ घालावा. एवढे केले, तर रविवारी दुपारचा पेला शनिवारच्या पेल्यासारखाच लागतो. बर्फ रात्रीतच संपून पिंप कोमट झाले असेल, तर ते पुन्हा गार होईपर्यंत, म्हणजे आणखी तीन-चार तास, नळ उघडू नये.