नातवाचे घर आणि पंचविसावे वर्ष

एका आजोबांनी स्वतः कमावलेले घर बक्षीसपत्राने द्यायचे ठरवले, असे समजू. मुलाचे अजून लग्न व्हायचे आहे. पत्रात लिहिले की, मुलाने हयातभर घर वापरावे आणि त्याच्यामागे त्याचे थोरले अपत्य 25 वर्षांचे झाले की घर त्याच्या मालकीचे व्हावे. हेतू मायेचा आहे. पण नातवंडाला घर देणारे कलम मुळातच रद्दबातल ठरते.

हे समजण्यासाठी हक्क कधी ‘पक्का’ होतो ते पाहावे लागते. ‘पत्नीनंतर घर मुलीला’ असे लिहिले, तर मुलीचा हक्क आजच पक्का, म्हणजे निहित होतो. ताबा तेवढा नंतर मिळतो. आईच्या आधी मुलगी वारली तरी घर मुलीच्या वारसांकडे जाते. ‘पत्नीनंतर, मुलगी तेव्हा हयात असेल तर’ एवढे शब्द वाढवले की हक्क सशर्त होतो. मग मुलगी आधी गेली तर तिच्या मुलांना या पत्रावरून काहीच मिळत नाही. घरोघरी भांडणे लागतात ती अशा चार शब्दांवरून.

सशर्त हक्क किती काळ अधांतरी ठेवता येतो? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 14 ने याला मर्यादा घातली आहे. हस्तांतराच्या दिवशी हयात असलेल्या व्यक्तींचे आयुष्य आणि त्यानंतर लाभार्थी सज्ञान होईपर्यंतचा काळ, एवढीच मुभा आहे. आपल्या उदाहरणात मुलगा वारला तेव्हा नातू दोन वर्षांचा असू शकतो. मग 25 व्या वर्षापर्यंत आणखी 23 वर्षे घर कोणाचे हे ठरणार नाही. कायदा मात्र त्याच्या अठराव्या वर्षापर्यंतची 16 वर्षेच थांबतो. प्रत्यक्षात मुलगा दीर्घायुषी झाला, तरी कलम वाचत नाही. मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता आहे, एवढेच पुरते. मुलाचा हयातीपुरता हक्क टिकतो. पुढे घर आजोबांकडे किंवा त्यांच्या वारसांकडे परतते.

मला हा नियम न्याय्य वाटतो. गेलेल्या माणसाच्या अटींनी पुढच्या पिढ्यांचे हात बांधले, तर ते घर ना विकता येते, ना त्यावर कर्ज काढता येते. लोकोपयोगी कार्यासाठी दिलेल्या मालमत्तेला मात्र कलम 18 ने यातून सूट दिली आहे.

25 ऐवजी 18 लिहिले असते, तर आजोबांची इच्छा पार पडली असती. नातू पत्र करताना जन्मलेला असता, तर 25 ची अटही चालली असती, कारण मग त्याचेच आयुष्य मोजले जाते. मृत्युपत्राला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 114 ने हीच मर्यादा लागू आहे. तिथे मोजणी मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूच्या दिवसापासून होते. म्हणून न जन्मलेल्या नातवंडासाठी काही लिहून ठेवणार असाल, तर वयाचा आकडा आणि ‘हयात असेल तर’ हे शब्द नोंदणीपूर्वी वकिलाकडून जरूर तपासून घ्या.