मोळी वाहूनही हाडं ठिसूळ का?

दसरा झाला की परळी तालुक्यातल्या सिरसाळ्यातून आणि भोवतालच्या गावा-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. तो तोडतो, ती साळते, मोळी बांधते आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन शिडीनं गाडीवर चढते. या बायांची बातमी २०१९ साली देशभर गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक.

तेव्हाची चर्चा शस्त्रक्रिया गरजेची होती का, कुणी केली, खाड्याच्या भीतीनं किती जणी तयार झाल्या, याभोवती फिरली. ती व्हायलाच हवी होती. पण या बायांच्या हाडांचं पुढं काय होणार, हा प्रश्न मागं पडला. तिशीत शस्त्रक्रिया झालेल्या कित्येक जणी आज चाळिशी ओलांडत आहेत आणि हाडांचा हिशेब नेमका याच वयात समोर येतो.

बाई सांगताना ‘पिशवी काढली’ एवढंच सांगते. हाडांच्या दृष्टीनं मात्र पिशवीसोबत दोन्ही बीजकोशही काढले का, हे कळणं जास्त महत्त्वाचं आहे. बीजकोश शिल्लक असतील तर इस्ट्रोजेन काही वर्षं तरी मिळत राहतं. तेही काढले असतील तर पाळी जाण्याची जी प्रक्रिया एरवी काही वर्षं चालते, ती एका दिवसात उरकते. शरीरात जुनं हाड सतत खरवडलं जातं आणि त्या जागी नवं भरलं जातं. इस्ट्रोजेन खरवडणाऱ्या पेशींना आवर घालतं. ते गेलं की खरवडणं भरण्यापेक्षा पुढं जातं. पाळी थांबण्याच्या आगेमागे मणक्यांची घनता वर्षाला दोनेक टक्क्यांनी घटू शकते. अमेरिकन डॉक्टर फुलर अल्ब्राइट यांनी हा संबंध १९४०च्या सुमारासच दाखवला होता.

मग वीस वर्षं मोळ्या वाहिलेल्या बाईची हाडं तरी दणकट हवीत, असं कुणालाही वाटेल. वजन पेललं की हाड घट्ट होतं, हे आपण ऐकलेलं असतं. ते खरंही आहे, पण अर्धंच.

उरलेल्या अर्ध्याचा उलगडा १९८४ साली पक्ष्यांवरच्या प्रयोगात झाला. क्लिंटन रुबिन आणि लान्स लॅनियन यांनी पक्ष्याच्या पंखाचं हाड रोजच्या वापरातून बाजूला काढलं आणि त्यावर यंत्रानं ठरावीक ताण दिला. दिवसाला फक्त ३६ वेळा ताण दिला तरी हाड वाढलं. तो शेकडो वेळा दिला म्हणून जास्त फायदा झाला नाही. नुसता दाबून धरलेला ताण हाडानं जवळजवळ मोजलाच नाही. हाडाच्या आतल्या पेशी ताणातला बदल टिपतात, थोड्या वेळात बधिर होतात आणि पुन्हा जाग्या व्हायला त्यांना काही तासांची विश्रांती लागते. सवयीचं ओझं त्यांना नवं वाटत नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत तेच वजन आणि तीच चाल असेल, तर पहिल्या काही खेपांनंतरच्या खेपा हाडासाठी वाया जातात. कंबर आणि मान मात्र प्रत्येक खेपेला झिजते.

दुसरी अडचण ताटातली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या वीणा शत्रुघ्न आणि सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतल्या तीस ते साठ वयाच्या बायांची हाडं तपासून २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. घनता फार कमी होती आणि आहारातलं कॅल्शियम दिवसाला सुमारे २७० मिलिग्रॅम. पाळी गेलेल्या बाईला १,२०० लागतं, असं आपलीच आयसीएमआर सांगते. विटाच नसतील तर गवंड्याला हाका मारून भिंत उभी राहत नाही.

पाळी गेल्यानंतरही व्यायामानं हाड सावरतं, याचा भक्कम पुरावा १९९४ साली आला. अमेरिकेत मिरियम नेल्सन यांनी पन्नास ते सत्तर वयाच्या ३९ बायांपैकी काहींना आठवड्यातून दोनदा, वर्षभर जड वजनं उचलायला लावली. त्यांच्या मणक्यांची घनता एक टक्का वाढली, व्यायाम न करणाऱ्यांची १.८ टक्क्यांनी घटली. पुढं २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बेलिंडा बेक यांच्या गटानं आधीच विरळ हाडं असलेल्या, साठीच्या आसपासच्या आणि पुढच्या बायांना देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा अर्धा तास खरोखर जड वजनं उचलायला दिली. आठ महिन्यांत मणक्यांची घनता २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. नुसत्या चालण्यानं मणक्याला फारसा लाभ होत नाही, हे आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. डॉक्टर ‘रोज फिरायला जा’ म्हणून मोकळे होतात, ते मला त्यामुळंच अपुरं वाटतं.

याच मागोव्यात एक धोक्याचा इशाराही आहे. मेहर्शीद सिनाकी यांनी १९८४ मध्ये विरळ मणक्यांच्या बायांचे गट करून पाहिले. पाठ ताठ करण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांना मणक्यांत नव्या इजा झाल्या. पुढं वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हेच प्रमाण ८९ टक्के होतं. गट लहान होते, पण फरक केवढा! ऊस तोडणं हे दिवसभर कमरेतून वाकणंच आहे.

समजा, सिरसाळ्यातली एक अठ्ठेचाळीस वर्षांची बाई आहे. छत्तिसाव्या वर्षी पिशवी आणि बीजकोश काढलेले. सुरुवात वजनानं करायची नाही. आधी तिला टाचा आणि पाठ भिंतीला लावून उभं करायचं. मान न ताणता डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकत नसेल, किंवा तरुणपणापेक्षा उंची चारेक सेंटिमीटरनं घटली असेल, तर मणका दबल्याची शंका घ्यायची आणि एक्स-रे आधी काढायचा. तसं काही नसेल तर पहिला महिना फक्त ढब शिकायची: पाठ सरळ, कंबर मागं, वाकणं खुब्यातून. मग पाच लिटरचा पाण्याचा कॅन, म्हणजे पाच किलो, जमिनीवरून उचलून उभं राहायचं. पाच वेळा उचलून विसावा, असे तीन फेर. त्याच दिवशी हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणं-बसणं आणि छोटा कॅन डोक्याच्या वर उचलणं. शेवटच्या खेपेनंतर आणखी चार-पाच सहज जमत असतील तर वजन कमी पडतंय. पिशवीत वाळू भरून किलो-दोन किलोनं वाढवायचं. दोन वेळांमध्ये दोन दिवस सोडायचे. पाठीत अचानक कळ आली तर थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

यातून चमत्कार होत नाही. घनता मोजणाऱ्या डेक्सा यंत्राच्या मोजणीतच दोनेक टक्क्यांचा फरक पडू शकतो, म्हणून एकट्या बाईला वर्षभरात वाढ दिसेलच असं नाही. घट थांबणं हीच मोठी कमाई. व्यायाम सोडला की ती ओसरते. ज्यांचा मणका किंवा खुबा मोडून झालाय, त्यांना औषधं लागतातच. बीजकोश लवकर गेलेल्यांनी नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारायला हवं.

म्हणून घरात, शेजारी पिशवी काढलेली कुणी असेल तर ट्रंकेतला डिस्चार्जचा कागद शोधा आणि आशाताईंना किंवा डॉक्टरांना दाखवून बीजकोश काढलेत का ते विचारून घ्या. आणि टोळ्या निघण्याआधी आरोग्य तपासणी होईल तिथं वजनासोबत उंचीही मोजून लिहून ठेवायला सांगा.