कधी, कुठे, कितीला? पोस्टरवर नजर नेमकी कुठे पडते

हौशी मंडळाच्या नाटकाचं पोस्टर वाचनालयाच्या फलकावर किंवा सोसायटीच्या फाटकाशी लागतं, तेव्हा त्याच्यासमोर सहसा कुणी थांबत नाही. येता-जाता फार तर दोन सेकंद नजर पडते. नजर एका सेकंदात साधारण तीन-चार वेळा जागा बदलते, म्हणजे पोस्टरच्या वाट्याला सहा ते आठ मुक्काम येतात. त्यातले पहिले एक-दोन कलाकाराचा चेहरा आणि नाटकाचं नाव घेऊन जातात. उरलेल्यांत तारीख, जागा आणि तिकीट सापडायला हवं.

आपल्याला वाटतं की समोरचं सगळं एकदम स्पष्ट दिसतंय. प्रत्यक्षात डोळ्याच्या पडद्यावर बारीक अक्षर टिपणारा भाग म्हणजे मधोमधचा एक इवलासा खळगा. त्यात मावतं ते जेमतेम दोन अंशांचं दृश्य. हात ताठ पुढे धरून अंगठ्याकडे पाहा; त्याच्या रुंदीएवढंच आपण एका वेळी नीट वाचू शकतो. तीन मीटरवरून पाहताना हे दोन अंश पोस्टरवर सुमारे दहा सेंटिमीटर भरतात. ए-थ्री पोस्टर 297 बाय 420 मिलिमीटरचं असतं. तारीख वरच्या कोपऱ्यात, स्थळ तळाशी आणि तिकीटदर प्रायोजकांच्या रांगेत असेल, तर तीन वेगळे मुक्काम लागतात आणि मधला शोध वेगळाच. तिन्ही गोष्टी दहा सेंटिमीटरच्या एका चौकोनात आल्या, तर एक-दोन मुक्कामांत काम होतं.

मग अक्षर केवढं हवं? नेत्रतपासणीच्या तक्त्यावर चांगल्या नजरेच्या माणसाला जेमतेम ओळखू येणारं अक्षर अंशाच्या बाराव्या भागाएवढं उंच असतं. तीन मीटरवर ते होतं साडेचार मिलिमीटरच्या आत. पण ही झाली भरपूर उजेडात, थांबून पाहण्याची मर्यादा. चालता माणूस, साठीची नजर आणि देवनागरीतल्या जोडाक्षरांची गर्दी धरली, तर मी शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत 15 मिलिमीटर घेतो. मात्रा-उकार त्यात मोजत नाही. संगणकावरच्या पॉइंटवर विसंबू नये, कारण प्रत्येक फॉन्टमध्ये तेवढ्याच पॉइंटांत अक्षर कमी-जास्त उंच निघतं. एक ओळ छापून पट्टीने मोजावी.

असा चौकोन भरून पाहू. पहिली ओळ ‘शनि. १४ मार्च’, दुसरी ‘रात्री ८.३०’, तिसरी ‘टाउन हॉल’, चौथी ‘रु. १००’. ‘दिनांक’, ‘वेळ’, ‘स्थळ’ ही लेबलं मी काढून टाकली; तारीख तारखेसारखीच दिसते, तिला नावाची पाटी लागत नाही. वार मात्र काढू नये. लांबून १ आणि ९ सहज एकमेकांसारखे वाटतात, आणि ११ की १९ असा घोळ झाला तर वार तो सोडवतो. हॉलचा पूर्ण पत्ता खाली बारीक अक्षरात चालेल, कारण तो वाचणारा जवळ आलेला असतो.

यापुढचा शत्रू म्हणजे शेजारी. डच संशोधक हर्मन बाउमा यांनी 1970 मध्ये दाखवलं की, नजरेच्या केंद्रापासून दूर असलेलं अक्षर त्याच्या आजूबाजूच्या अक्षरांमुळे ओळखू येईनासं होतं. ही ओढाताण साधारण त्या अंतराच्या निम्म्यापर्यंत पोहोचते. नजर चेहऱ्यावर आणि चौकोन 12 सेंटिमीटर खाली असेल, तर सहा सेंटिमीटरच्या आतली प्रत्येक गोष्ट त्याला गढूळ करते. एवढी मोकळी जागा ए-थ्रीवर परवडत नाही, हे खरं. पण चारही बाजूंनी तीन सेंटिमीटर कोरे सोडले, तरी चौकोन वाचता आला नाही तरी ‘इथे काहीतरी आहे’ एवढं कळतं, आणि पुढची उडी तिथे पडते. प्रायोजकांचे लोगो त्या पट्ट्यात घुसू देऊ नयेत, कितीही आग्रह झाला तरी.

रहस्यनाट्यांची पोस्टरं काळ्यावर लाल अक्षरांची करण्याचा मोह फार असतो. दुपारी छापखान्यात ती झकास दिसतात. मात्र संध्याकाळी उजेड कमी झाला की डोळ्यातल्या मंद प्रकाशाच्या पेशी पुढे येतात आणि त्यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकात फुलांच्या रंगांवरून हे टिपलं होतं. लोक कामावरून परततात तीच ही वेळ. म्हणून नाटकाचं नाव हवं तर लाल ठेवावं, पण चौकोन पिवळ्यावर काळा किंवा काळ्यावर पांढरा असावा. मोबाइलवर पोस्टरचा फोटो कृष्णधवल करून पाहिला, की कुठली ओळ पार्श्वभूमीत विरघळते ते लगेच समजतं.

छपाईला देण्याआधी एक प्रत दिवेलागणीला भिंतीवर लावावी आणि तालमीत नसलेल्या कुणाला तरी तीन मीटरवरून दोन सेकंद दाखवून झाकावी. कधी, कुठे, कितीला, एवढंच विचारावं. तारीख सांगून दरापाशी माणूस अडखळला, तर आकडा मोठा करण्याआधी त्याच्याभोवती काय दाटलंय ते बघावं. बहुतेकदा दराला चिकटून ‘प्रयोगाआधी एक तास तिकीटविक्री’ अशी ओळ असते. ती पत्त्याखाली हलवून पुन्हा दुसऱ्या माणसाला विचारावं. पहिल्याला आता उत्तर पाठ झालेलं असतं.