कफाला दुर्गंधी का येते?

कर्वेनगरमधील पन्नाशीतल्या एका गृहस्थाचे उदाहरण घेऊ. हे चित्र कोणा एका व्यक्तीचे नाही, पण अशा रुग्णांमध्ये ते वारंवार दिसते. मित्रांबरोबर मद्यपान करून ते घरी आले आणि उताणे झोपले. रात्री झोपेतच उलटी झाली. पत्नीने तोंड पुसले, कूस बदलून दिली आणि सकाळी दोघेही ते विसरले. तीन दिवसांनी बारीक ताप आणि कोरडा खोकला सुरू झाला. जवळच्या दवाखान्यातून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या, त्याने थोडे बरे वाटले. साधारण चौदाव्या दिवशी जोराची ढास लागली आणि वाटीभर हिरवट-तपकिरी कफ पडला. त्याला इतकी घाण येत होती की खोलीत बसवेना.

या दोन आठवड्यांत फुफ्फुसात गळू झाले होते. शुद्धीवर असताना घास किंवा उलटी श्वासनलिकेकडे वळली, की जोरदार ठसका लागून ती बाहेर फेकली जाते. मद्याची धुंदी, फिट, पक्षाघात किंवा भूल यांत हा ठसका मंदावतो. मग तोंडातली लाळ आणि पोटातले अन्न थेट फुफ्फुसात उतरते. उजवी मुख्य श्वासनलिका डावीपेक्षा रुंद आणि सरळ असल्याने हा माल बहुधा उजवीकडे जातो. माणूस उताणा असेल तर तो फुफ्फुसाच्या मागच्या भागात साचतो.

खरे नुकसान लाळेतले जंतू करतात. हिरड्या आणि दातांच्या फटीत प्राणवायूशिवाय जगणारे असंख्य जंतू असतात. हिरड्या सुजलेल्या, दात किडलेले असतील तर त्यांची संख्या आणखी वाढते. फुफ्फुसात पोहोचल्यावर आधी न्यूमोनिया होतो. मग आठ ते चौदा दिवसांत तो भाग सडून मध्ये पोकळी तयार होते आणि तिच्यात पू साठतो. हे गळू जवळच्या श्वासनलिकेत फुटले, की तो पू कफावाटे बाहेर येतो. दुर्गंधी याच जंतूंची असते. प्रत्येक रुग्णात ती येतेच असे नाही, पण आली तर निदान जवळजवळ तिथेच होते.

डॉक्टरांनी विचारल्यावर या गृहस्थांनी आधी मद्याचा उल्लेख टाळला. उलटीची गोष्ट पत्नीने सांगितली. ती माहिती महत्त्वाची होती, कारण एक्स-रेमध्ये फुफ्फुसात पोकळी दिसली की आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा येतो आणि तो यायलाच हवा. या रुग्णाचा एक्स-रे उभे राहून काढला होता. उजव्या फुफ्फुसात सुमारे पाच सेंटिमीटरची पोकळी होती आणि तिच्यात अर्ध्या भरलेल्या पेल्यासारखी आडवी रेषा होती. रेषेखाली पू, वर हवा. झोपवून काढलेल्या एक्स-रेमध्ये ही रेषा निसटू शकते, म्हणून उभ्याने काढणे गरजेचे असते. क्षयाच्या पोकळीत अशी रेषा क्वचित दिसते आणि कफाला अशी घाणही सहसा नसते. तरीही कफाची क्षयासाठी तपासणी केली, त्यात क्षयाचे जंतू आढळले नाहीत.

यानंतर सीटी स्कॅन झाला. त्यातून तीन प्रश्नांची उत्तरे मिळतात. पू फुफ्फुसाच्या आत आहे की फुफ्फुसाभोवतीच्या आवरणात? आवरणात असेल तर नळी घालून तो काढावाच लागतो, केवळ औषधाने भागत नाही. दुसरा प्रश्न असा, की श्वासनलिकेत गाठ किंवा अडकलेली वस्तू आहे का? नळीचे तोंड बंद असेल तर पू बाहेर पडत नाही. तोंडात एकही दात नसलेल्या माणसाला असे गळू झाले तर दडलेल्या कर्करोगाचा विचार आवर्जून करावा लागतो, कारण तिथे हिरड्यांतले जंतू फारसे नसतात. तिसरे, पोकळी किती मोठी आहे? या रुग्णात पू फुफ्फुसाच्या आतच होता, अडथळा नव्हता, म्हणून औषधांवर विसंबता आले.

कफ तपासून नेमका जंतू शोधावा, असे नातेवाइकांना वाटते. पण कफ तोंडातून येताना तिथलेच जंतू त्यात मिसळतात, त्यामुळे त्या अहवालातून या जंतूंचा छडा लागत नाही. म्हणून औषध अनुभवावर निवडले जाते. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांचे संयुक्त औषध किंवा तत्सम औषध आधी शिरेतून दिले जाते. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांना क्लिंडामायसिन उपयोगी पडते. एकटे मेट्रोनिडाझोल पुरत नाही, कारण सोबत असलेल्या काही जंतूंवर त्याचा परिणाम होत नाही. क्षयाची शंका फिटण्याआधी लिव्होफ्लॉक्सासिनसारखे औषध टाळलेले बरे. ते क्षयाच्या जंतूंनाही तात्पुरते दाबते आणि निदान लांबते.

चौथ्या-पाचव्या दिवशी कफाची घाण कमी झाली, आठव्या दिवशी ताप उतरला. त्याच सुमारास काढलेला एक्स-रे मात्र जवळपास तसाच होता. इथे घाबरण्यासारखे काही नसते. चित्र नेहमीच लक्षणांच्या मागे राहते, सुरुवातीला पोकळी थोडी मोठीही दिसू शकते. ताप, भूक आणि कफाचे प्रमाण सुधारते आहे ना, हे या टप्प्यावर अधिक महत्त्वाचे. दहाव्या दिवशी शिरेतील औषध थांबवून तेच औषध गोळ्यांनी सुरू झाले.

तिसऱ्या आठवड्यात ते गृहस्थ म्हणाले, ‘आता काही त्रास नाही, गोळ्या पुरे.’ बहुतेक चुका इथेच होतात. त्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये तीन सेंटिमीटरची पोकळी शिल्लक होती. पोकळीच्या जाड भिंतीतून औषध आत सावकाश झिरपते. मध्येच थांबवले तर उरलेले जंतू पुन्हा पू करतात आणि दुसऱ्यांदा आजार आटोक्यात आणणे अवघड होते. म्हणून औषध कॅलेंडर पाहून नव्हे, तर एक्स-रे पाहून थांबवतात. पोकळी नाहीशी होईपर्यंत किंवा न बदलणारा बारीक व्रण उरेपर्यंत ते चालू ठेवावे लागते. बहुतेकांत त्याला तीन ते आठ आठवडे लागतात, काहींना त्याहून अधिक. या रुग्णाला सहा आठवडे लागले.

सात-दहा दिवसांनीही ताप उतरला नाही, तर औषध बदलण्याआधी कारण शोधावे लागते. नळीत अडथळा आहे का, पू आवरणात गेला का, जंतू वेगळा आहे का, की मुळात तो कर्करोग किंवा क्षयच आहे? सहा सेंटिमीटरहून मोठ्या गळूला औषध कमी दाद देते. मग सीटीच्या मदतीने बाहेरून बारीक नळी घालून पू काढतात, थोड्यांना शस्त्रक्रिया लागते. कफात रक्ताचे प्रमाण वाढले तर मात्र एक तासही न थांबता रुग्णालय गाठावे.

औषध संपल्यावर त्या गृहस्थांना दातांच्या डॉक्टरांकडे पाठवले गेले. हिरड्यांवर उपचार झाले नसते, तर पुढच्या वेळी तेच जंतू त्याच वाटेने जाण्यास तयार असते. मद्यावर नियंत्रण हा दुसरा भाग. आणि घरच्यांसाठी एक गोष्ट : धुंदीत किंवा फिट येऊन गेल्यानंतर झोपलेल्या माणसाला उताणे ठेवू नये, कुशीवर वळवावे. त्या रात्री उलटी झाली असेल, तर पुढच्या दोन आठवड्यांतल्या तापाच्या वेळी ते डॉक्टरांना न विचारता सांगावे.