रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला, म्हणजे कॅन्सर झाला का?

काळाचौकीतील ३८ वर्षांच्या एका महिलेचे उदाहरण घेऊ. तिला स्वतःला कसलाही त्रास नाही. पण तिच्या थोरल्या आत्याला ४२व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला आणि धाकट्या आत्याला पन्नाशीत बीजांडकोशाचा, म्हणजे ओव्हरीचा. उपचारादरम्यान धाकट्या आत्याची जनुकीय तपासणी झाली आणि बीआरसीए-१ या जनुकात दोष आढळला. त्यानंतर भाचीनेही रक्त तपासून घेतले. रिपोर्टवर शब्द आला, ‘पॉझिटिव्ह’. घरात रडारड झाली.

या रिपोर्टमध्ये तिला कॅन्सर झाल्याचे म्हटलेले नाही. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके आपल्या सर्वांच्याच शरीरात असतात. पेशीतील डीएनए तुटला की त्याची दुरुस्ती करणे हे त्यांचे काम. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. या महिलेची एक प्रत जन्मापासून सदोष आहे, दुसरी काम करते आहे. पुढे एखाद्या पेशीत ही दुसरी प्रतही बिघडली, तर दुरुस्ती थांबते आणि कॅन्सरची वाट मोकळी होते. हे प्रत्येकीच्या बाबतीत घडतेच असे नाही.

मग धोका किती? मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील सुमारे १० हजार महिलांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या १०० महिलांपैकी वयाच्या ८० वर्षांपर्यंत सुमारे ७२ जणींना स्तनाचा आणि ४४ जणींना बीजांडकोशाचा कॅन्सर होतो, असा अंदाज त्यातून निघाला. बीआरसीए-२ साठी हे आकडे सुमारे ६९ आणि १७ आहेत. हा धोका एका वर्षाचा नसून आयुष्यभराचा आहे, आणि घराण्यातील इतिहासानुसार तो कमी-जास्त होतो.

पुढचा निर्णय दोन्ही अवयवांसाठी सारखा नसतो. स्तनावर लक्ष ठेवता येते. अशा महिलांना साधारण २५व्या वर्षापासून दरवर्षी एमआरआय आणि तिशीपासून त्याच्या जोडीला मॅमोग्राफी सुचवली जाते. त्यामुळे गाठ लहान असतानाच सापडण्याची शक्यता वाढते. दोन्ही स्तन आधीच काढून टाकण्याचा पर्यायही असतो, पण तो प्रत्येकीने घेतलाच पाहिजे असे नाही.

बीजांडकोशाचे तसे नाही. सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी नियमित करूनही हा कॅन्सर वेळेत सापडेल याचा भरवसा देता येत नाही. पोट फुगणे, लवकर पोट भरणे अशी लक्षणे दिसेपर्यंत तो बहुधा पसरलेला असतो. म्हणून बीआरसीए-१ मध्ये दोष असेल तर मुले झाल्यानंतर ३५ ते ४० या वयात बीजांडकोश आणि बीजवाहिन्या काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५ पर्यंत थांबता येते. या शस्त्रक्रियेने धोका खूप घटतो, शून्य होत नाही. पाळी मात्र कायमची थांबते. अंगातून वाफा येणे, हाडे ठिसूळ होणे यांवर काय उपाय करायचे, हे शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांशी बोलून ठरवावे लागते. ३८ वर्षांच्या या महिलेने रिपोर्ट कपाटात ठेवून चालणार नाही, ते यासाठीच.

रिपोर्ट वाचताना एक गफलत होते. त्यावर ‘व्हीयूएस’ लिहिलेले असेल, तर तो पॉझिटिव्ह नव्हे. जनुकात बदल आहे, पण तो घातक की निरुपद्रवी हे अजून ठरलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. केवळ त्यावरून कोणतीही शस्त्रक्रिया करू नये. असा रिपोर्ट जनुकीय समुपदेशकाला दाखवावा. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात कॅन्सर जेनेटिक्सचे वेगळे क्लिनिक आहे.

आता राहिला घरच्यांचा प्रश्न. दोन्ही आत्या वडिलांच्या बहिणी. म्हणजे धडधाकट असलेल्या वडिलांकडूनच हा दोष मुलीकडे आला. ‘आईच्या माहेरी कुणाला नव्हता, मग मला कसा?’ या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. सदोष जनुक असलेल्या पुरुषांनाही प्रोस्टेटचा आणि क्वचित स्तनाचा कॅन्सर होऊ शकतो. तिच्या सख्ख्या भावाकडे हा दोष असण्याची शक्यता ५० टक्के आहे आणि तिच्या १२ वर्षांच्या मुलीकडेही तितकीच. मुलीची तपासणी आता करायची नाही. ती सज्ञान झाली की स्वतः ठरवेल. भावाने मात्र तपासणी करून घ्यावी. आत्याच्या रिपोर्टमुळे नेमका दोष माहीत आहे, त्यामुळे तेवढाच शोधावा लागतो. भावाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर हा दोष त्याच्याकडून त्याच्या मुलांकडे जाणार नाही.