थेट कॉल, मधला सर्व्हर आणि उशिराचा हिशोब

व्हॉट्सअ‍ॅप, सिग्नल किंवा टेलिग्रामवर दोघांचा कॉल सुरू झाला की आवाज कंपनीच्या सर्व्हरवरून येत-जात असेल, असं बहुतेकांना वाटतं. सर्व्हर घंटी वाजवून देतो, दोघांची गाठ घालतो. पण त्यानंतर जमलं तर तो बाजूला होतो आणि आवाजाची पाकिटं एका फोनवरून दुसऱ्या फोनवर सरळ जाऊ लागतात. वाट जवळची, कंपनीचा खर्चही वाचतो. फक्त सरळ पाठवायचं तर समोरच्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा ठिकाणा, माहीत हवा. म्हणून दोन्ही फोन तो एकमेकांना कळवतात. अ‍ॅपमध्ये तो कुठेच दिसत नाही. पण वायरशार्कसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालवून त्याच लॅपटॉपवरून कॉल केला, तर पाकिटं कुठल्या पत्त्यावर चालली आहेत ते वाचता येतं.

एवढ्यावरून घर सापडत नाही. इंटरनेट कोणत्या कंपनीचं आणि साधारण कोणतं शहर, एवढं कळतं, आणि तेही कधी कधी चुकतं. मोबाइल डेटावर जुन्या पद्धतीचा पत्ता असेल तर तो एकाच वेळी असंख्य ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे माहिती आणखी पुसट होते. घरच्या ब्रॉडबँडवर मात्र तो बऱ्याचदा एका घराचा असतो. त्या पत्त्यावर निरर्थक पाकिटांचा भडिमार करून राउटर गुदमरवता येतो. ऑनलाइन खेळणाऱ्या मुलांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. आणि गाव सोडून गेलेली बाई आता कोणत्या शहरात आहे, एवढंच ज्याला हवंय, त्याला ‘साधारण शहर’ पुरेसं असतं.

यावर उपाय म्हणजे सर्व्हरला बाजूला होऊ न देणं. पूर्वी वर्तमानपत्रांतल्या वधूवरांच्या जाहिरातींत घरचा पत्ता न देता ‘बॉक्स नंबर’ दिलेला असायचा आणि पत्रं कचेरीमार्फत पोचायची. तसंच इथे दोघांनाही फक्त मधल्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. अशा सर्व्हरला या धंद्यात ‘रिले’ म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपने ही सोय नोव्हेंबर २०२३ मध्ये आणली: `Settings`, मग `Privacy`, मग `Advanced`, आणि तिथे `Protect IP address in calls`. आवाजाला लावलेलं कुलूप तसंच राहतं; रिले पाकिटं पुढे ढकलतो, त्यांत काय आहे ते त्याला ऐकू येत नाही. पण कचेरीला जसे दोन्ही घरचे पत्ते ठाऊक असायचे, तसे कंपनीला दोन्ही आयपी पत्ते दिसतात. लपतं ते फक्त समोरच्यापासून.

बटणाखालीच व्हॉट्सअ‍ॅप इशारा देतं की कॉलचा दर्जा घसरू शकतो. किती, ते रिले कुठे उभा आहे यावर ठरतं.

पुण्यातून साताऱ्याला कॉल लावला आहे असं धरू. बोललेला शब्द समोरच्या कानात पडायला जो वेळ लागतो, त्यातला मोठा भाग वाटेत जातच नाही. फोन आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापतो. पाकिटं मागेपुढे पोचली तरी आवाज तुटू नये म्हणून घेणारा फोन ती थोडा वेळ साठवून ठेवतो. तिथे ४०-५० मिलिसेकंद जातात. माइक, स्पीकर, दोन्हीकडचं वायफाय किंवा मोबाइलचा टॉवर हे सगळं धरून चांगल्या कॉललाही ११०-१२० मिलिसेकंद सहज लागतात. पुणे-सातारा अंतर ११० किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाशाला ते कापायला एक मिलिसेकंदही लागत नाही.

गंमत अशी की ‘थेट’ कॉलही त्या रस्त्याने जात नाही. पुण्यातलं कनेक्शन एका कंपनीचं आणि साताऱ्यातलं दुसऱ्या कंपनीचं असेल, तर दोन्ही जाळी बहुधा मुंबईत जोडलेली असतात. पाकीट आधी मुंबईला जातं आणि तिथून साताऱ्याला येतं. मग रिले मुंबईतच असेल तर वाट फारशी बदलत नाही, आणि बटण दाबल्याचा फरकही कानाला जाणवत नाही. तोच रिले सिंगापूरला असेल तर मुंबईहून तिथे जायला तीसेक आणि परत यायला तीसेक मिलिसेकंद वाढतात. एकूण आकडा १७५-१८० वर जातो.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीत एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बहुतेक वापरांत तो जाणवत नाही, आणि ४०० च्या पलीकडे जाऊ देऊ नये, असं म्हटलं आहे. आपला सिंगापूरमार्गे कॉल या दोहोंच्या मधला. आवाज स्वच्छ येतो, पण दोघं एकदम बोलायला लागतात, दोघंही थांबतात, मग ‘बोल बोल’, ‘नाही, तू बोल’ सुरू होतं. याचा दोष लोक ‘रेंज’ला देतात.

उशीर आणि खराब आवाज या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. अक्षरं गळत असतील, आवाज यंत्रासारखा येत असेल, तर पाकिटं हरवत आहेत, आणि ती बहुतेक वेळा घरच्या वायफायवर किंवा कमजोर सिग्नलमुळे हरवतात. रिलेचा त्यात हात असेलच असं नाही. रिलेमुळे होणारा खरा त्रास कचेऱ्यांच्या जाळ्यावर भेटतो. तिथे कॉलसाठी वापरली जाणारी यूडीपी ही हलकी पद्धत अनेकदा अडवलेली असते आणि रिलेपर्यंत टीसीपीने जावं लागतं. टीसीपीत एक पाकीट हरवलं की ते पुन्हा मागवून येईपर्यंत मागची सगळी ताटकळतात. मग बोलणं क्षणभर गप्प होतं आणि नंतर अर्धं वाक्य एकदम धावत येतं. ही खूण ओळखू आली तर बटण बंद करण्याआधी जाळं बदलून पाहावं.

मला सिग्नलची रीत जास्त शहाणी वाटते. तुमच्या यादीत नसलेल्या माणसाचा कॉल ते आपणहून रिलेवरून नेतं, ओळखीच्यांचा थेट. सगळेच कॉल झाकायचे असतील तर `Always relay calls` आहे. टेलिग्राममध्ये थेट कॉल सर्वांशी, फक्त ओळखीच्यांशी, की कोणाशीच नाही, हे निवडता येतं. मात्र २०१८ मध्ये ही निवड त्याच्या संगणकावरच्या आवृत्तीत नव्हतीच, आणि तिथून आयपी पत्ते उघडे पडतात हे दाखवून दिल्यावर ती घालण्यात आली. व्हॉट्सअ‍ॅपचं बटण सगळ्यांना सारखंच लागू होतं: अनोळखी माणसालाही आणि आईलाही. त्यांचे ग्रुप कॉल तर आधीपासूनच सर्व्हरवरून जातात, त्यामुळे रोज सहा जणांच्या गप्पांत कोणाला उशीर खटकत नसेल तर या बटणाची भीती बाळगायचं कारण नाही.

फरक स्वतः मोजायचा असेल तर घरातल्या दोन नंबरांवर कॉल लावा, एक फोन वायफायवर आणि दुसरा मोबाइल डेटावर ठेवून. दोन्ही एकाच वायफायवर असतील तर थेट कॉल घराबाहेरच पडत नाही आणि तुलना फसते. पहिल्या फोनजवळ टिचकी वाजवा. ती टिचकी आणि दुसऱ्या फोनच्या स्पीकरमधून आलेली तिची नक्कल, दोन्ही तिसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा. आवाजाच्या आलेखात दोन टोकं दिसतील; त्यांच्यामधलं अंतर म्हणजे उशीर. मग कॉल ठेवून बटण चालू करा आणि तेच पुन्हा करा. दोन्ही वेळा पाच-सहा टिचक्या वाजवा, कारण एकाच कॉलमध्येही हा आकडा वीसेक मिलिसेकंदांनी हलत राहतो.